आधी तळहात बघा, मग केस बाजूला करून डोकं बघा

श्रावणातल्या एका गुरुवारी सकाळी फोन आला, "डॉक्टर, नातीला कांजिण्या आल्यात असं वाटतंय, घेऊन येऊ का?" मी त्यांना बाकावर न बसता जिन्यातच थांबायला सांगितलं आणि मागच्या दाराने आत घेतलं. आईच्या कडेवर १८ महिन्यांची मुलगी होती. तिची हनुवटी लाळेने ओली होती आणि झबल्याचा गळा भिजलेला होता. मागे आजी, आणि आजींच्या पिशवीत कडुलिंबाचा पाला. त्या खऱ्या अस्वस्थ होत्या वेगळ्याच कारणाने. "लेक बाळंतपणाला आलीय घरी. नववा महिना लागलाय तिला. आणि ही पोर दिवसभर आत्याच्या मांडीवर."

आजींची काळजी अगदी रास्त होती. बाळंतपणाच्या आधीचे पाच दिवस आणि नंतरचे दोन दिवस या काळात आईच्या अंगावर कांजिण्या उठल्या, तर बाळाला आईकडून प्रतिपिंडं मिळालेली नसतात आणि त्याला होणारा आजार जिवावर बेतू शकतो. त्यामुळे मुलीच्या अंगावरचं पुरळ कशाचं आहे, या प्रश्नाचं उत्तर त्या घरात दोन जीवांसाठी हवं होतं.

आईने दिवसांचा हिशेब नीट सांगितला. सोमवारी रात्री १०१ ताप. मंगळवारी ताप उतरला, पण लाळ गळायला लागली. दाढा येत असतील म्हणून सोडून दिलं. बुधवारी दुपारी वरणभाताचा पहिला घास तोंडात गेला आणि पोर किंचाळून रडली. संध्याकाळी दुधाची बाटली पाहून हात पुढे केले, एकदा ओढली आणि ढकलून दिली. गुरुवारी उठल्यावर तळहातांवर लाल ठिपके दिसले. पाळणाघरात आणखी दोन मुलं आठवडाभर येत नव्हती, हे आईला मी विचारल्यावर आठवलं.

एवढं ऐकल्यावर माझा अंदाज बराचसा झाला होता, पण अंदाजावर गर्भवतीला निर्धास्त करता येत नाही. म्हणून तपासणी ठरलेल्या क्रमाने केली, आणि हाच क्रम घरी आईवडिलांनाही वापरता येतो.

पहिले हात आणि पाय. दोन्ही तळहातांवर आणि बोटांच्या कडांना लाल ठिपके होते. त्यातल्या काहींच्या मधोमध राखाडी, पातळ पाण्याचा फोड आला होता. हे फोड गोल नव्हते. तांदळाच्या दाण्यासारखे लांबट होते आणि त्यांची लांबी तळहाताच्या रेषांना धरून होती. तळपायांवर, टाचेच्या कडेला तसेच. मी एकावर हलकेच बोट दाबलं तेव्हा तिने पाय ओढून घेतला, म्हणजे ते दुखत होते. खाजवत मात्र ती नव्हती. डायपर काढल्यावर ढुंगणावर आणि मांड्यांच्या मागे लालसर बारीक पुरळ होतं, त्यात पाणी भरलेलं नव्हतं. गुडघ्यांवर चारपाच ठिपके.

मग तोंड. आईच्या मांडीवर तिला माझ्याकडे तोंड करून बसवलं, हात आईने धरले आणि ती रडायला लागली तेव्हाच बॅटरीचा उजेड आत टाकला. जिभेच्या कडेला, गालाच्या आतल्या बाजूला आणि टाळूच्या मागच्या मऊ भागावर सहासात बारीक व्रण होते, तळाशी पिवळट आणि भोवती लाल कडं. वरणातलं मीठ त्या व्रणांवर लागलं की काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको. लाळ गळत होती ती दाढांमुळे नाही, तर गिळताना दुखत होतं म्हणून.

आणि शेवटी डोकं. केसांत बोटं घालून, भांग पाडावा तसे केस दोन्हीकडे करत मी पूर्ण डोकं पाहिलं. मग कानांच्या मागे, छाती, पोट, पाठ. सगळं स्वच्छ.

"आजी, या कांजिण्या नाहीत. याला हॅण्ड फूट माउथ म्हणतात," मी सांगितलं. आजींनी नाव नीट ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे गुरांना होतो तो लाळ्या-खुरकूत?" हा प्रश्न गावाकडून आलेल्या घरांत मला नेहमी विचारला जातो, आणि तो विचारणं साहजिक आहे, कारण तोंड आणि पाय तिथेही आहेतच. पण ते विषाणू वेगळे. जनावरांचा हा आजार मुलांना होत नाही आणि मुलांचा जनावरांना होत नाही.

मुलांचा हा आजार आतड्यात वाढणाऱ्या विषाणूंच्या कुळातून येतो. त्यातला नेहमीचा कॉक्सॅकी ए-१६. कॉक्सॅकी हे अमेरिकेत हडसन नदीकाठच्या एका छोट्या गावाचं नाव. तिथल्या रुग्णांमध्ये पहिला कॉक्सॅकी विषाणू सापडला आणि गावाचं नाव कायमचं त्याला चिकटलं. आपल्याकडे २००३ मध्ये केरळात कालिकतला याची मोठी साथ नोंदली गेली. २०२२ मध्ये केरळातच लाल फोडांमुळे 'टोमॅटो फ्लू' हे नाव पसरलं आणि नवा आजार आला म्हणून घबराट झाली. केरळात सुट्टी घालवून ब्रिटनला परतलेल्या दोन भावंडांच्या फोडांची तपासणी झाली तेव्हा त्यात हाच जुना कॉक्सॅकी ए-१६ निघाला.

हा विषाणू तोंडातून आत जातो. दुसऱ्या मुलाची लाळ लागलेलं खेळणं, शेंबडाचा हात, डायपर बदलून नीट न धुतलेले हात, हे त्याचे रस्ते. घशात आणि आतड्यात वाढून तो रक्तात उतरतो आणि साधारण तीन ते सहा दिवसांत ताप येतो. पुरळ एकदोन दिवसांत सगळं उठून जातं. म्हणून हातापायांवरचे फोड बहुतेक एकाच वयाचे दिसतात. ते सुकतात, रंग फिका पडतो आणि सात ते दहा दिवसांत विरून जातात. सहसा खपली धरत नाहीत, व्रण राहत नाहीत.

कांजिण्यांचा विषाणू वेगळ्या वाटेने येतो आणि वेगळ्या चालीने चालतो. तो हवेतून श्वासात जातो, आणि दोन ते तीन आठवडे शरीरात काहीही न दाखवता वाढत राहतो. मग पुरळ उठतं ते बहुधा चेहऱ्यावर, डोक्यात, छातीवर आणि पाठीवर, म्हणजे अंगाच्या मध्यावर दाट आणि हातापायांकडे विरळ. फोड पातळ सालीचा, गोल, लाल कातडीवर दवाचा थेंब ठेवावा तसा दिसतो. तो खाजतो, आणि रात्री जास्त खाजतो. फोड एकदम येत नाहीत. आज काही, उद्या काही, परवा आणखी, असे तीनचार दिवस घाणे निघत राहतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाठीचा वितभर भाग पाहिला तर त्यात नुसता लाल ठिपका, उंचवटा, पाण्याचा फोड आणि वाळलेली खपली हे चारही एकमेकांशेजारी सापडतात. मला विचाराल तर कांजिण्यांची सगळ्यांत खात्रीची खूण हीच. फोड कसा दिसतो यावर डॉक्टरांचंही एकमत होत नाही कधी कधी, पण एकाच वितभर जागेत वेगवेगळ्या वयाचे फोड असणं याला तोड नाही.

डोक्यातल्या केसांना मी एवढं महत्त्व देतो तेही यासाठीच. कांजिण्यांत केसांत फोड असतात, आणि घरचे तिथे बघतच नाहीत. हॅण्ड फूट माउथमध्ये डोकं बहुतेक रिकामं असतं. उलट तळहात आणि तळपाय कांजिण्यांत बहुतेक रिकामे असतात. एकदोन फोड तिथे येऊ शकतात, तसेच कांजिण्यांत तोंडातही फोड येऊ शकतात. म्हणून एका फोडावरून निकाल देऊ नये. गर्दी कुठे आहे ते बघावं.

हे इतकं सोपं असतं तर लिहायची गरजच नव्हती. दोन प्रकारची मुलं डॉक्टरांनाही चकवतात.

पहिलं, कॉक्सॅकी ए-६ झालेलं मूल. याच कुळातला हा भाऊ गेल्या पंधरावीस वर्षांत जगभर जास्त दिसू लागला आहे. तो हात, पाय, तोंड ही मर्यादा पाळत नाही. ओठांभोवती दाट पुरळ येतं. दंड, मांड्या, कधी छाती-पाठीवरही फोड येतात आणि ते मोठे असतात. ज्या बाळांना आधीपासून एक्झिमा आहे, म्हणजे कोपराच्या आणि गुडघ्याच्या वळीत कोरडी, खाजरी, लालसर त्वचा आहे, त्यांच्या नेमक्या त्याच जागी फोडांचा थर बसतो आणि खपल्याही धरतात. अशा मुलाला पाहून आजी, शेजारी आणि घाईतला डॉक्टर, तिघेही कांजिण्या म्हणतात. अशा वेळी मी तीन गोष्टींना धरून राहतो. ढुंगणावर, तोंडाभोवती आणि हातापायांवर पुरळाची गर्दी आहे का, डोकं मोकळं आहे का, आणि उद्या नवा घाणा निघतो का. शंका राहिली तर २४ तासांनी पुन्हा बोलावतो. घरात गर्भवती, नवजात बाळ किंवा कर्करोगाची औषधं चालू असलेलं कुणी असेल, तर वाट न बघता फोडातलं पाणी पीसीआर तपासणीला पाठवणं योग्य. ती तपासणी दोन्ही विषाणू स्पष्ट वेगळे ओळखते.

दुसरं, लस घेतलेलं मूल. कांजिण्यांची लस सरकारी लसीकरणाच्या यादीत नाही, ती खाजगीत पैसे देऊन घ्यावी लागते. बालरोगतज्ज्ञ पहिला डोस १५ महिन्यांच्या सुमारास देतात आणि दुसरा त्यानंतर काही महिन्यांनी. पुष्कळ मुलांचा दुसरा डोस राहून जातो. एक डोस झालेल्या मुलाला कांजिण्या झाल्याच, तर त्या सौम्य असतात. शेकड्यांनी येणारे फोड पन्नासच्या आतच राहतात, त्यातले बरेच फोड न होता नुसते लाल उंचवटे राहतात, आणि तापही नसतो. हे पुरळ डास चावल्यासारखं दिसतं. इथे फोडांच्या आकारावरून काही कळत नाही. जागा बघावी लागते. पोट, पाठ, केसांच्या कडा, आणि खाज. अशा मुलापासूनही कांजिण्या पसरतात, म्हणून 'लस झालीय, कांजिण्या असूच शकत नाहीत' हे गृहीत धरू नये.

नाव बरोबर लागलं की पुढचं सगळं बदलतं, ते कसं हे त्या मुलीच्या बाबतीतच सांगतो. कांजिण्यांवर असायक्लोविर नावाचं विषाणूरोधक औषध काही रुग्णांना द्यावं लागतं. हॅण्ड फूट माउथवर त्याचा काडीचा उपयोग नाही. तरी 'फोड आहेत म्हणून' ते लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन येणारी मुलं मी पाहतो. अँटिबायोटिकचाही उपयोग नाही. या मुलीला फक्त दोन गोष्टी हव्या होत्या, वेदना कमी करणं आणि पोटात पाणी जात राहणं.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल. तिचं वजन १० किलो, म्हणून एका वेळी १५० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. इथे एक चूक फार होते. पॅरासिटामॉलचं सिरप दुकानात वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून तिला ३ मिलिलिटर पुरतात, तर १२५ मिलिग्रॅमच्या बाटलीतून ६ लागतात. बाटली बदलली आणि माप तेच राहिलं तर डोस दुप्पट किंवा निम्मा होतो. बाटलीवरचा आकडा आणि मुलाचं वजन, दोन्ही डॉक्टरांना दाखवून माप ठरवून घ्या. ऍस्पिरिन दोन्ही आजारांत मुलांना द्यायचं नाही. कांजिण्यांत आयब्युप्रोफेनही टाळतो, कारण त्यात त्वचेत जंतुसंसर्ग खोलवर जाण्याचा धोका असतो. म्हणजे हेही औषध निदानावर अवलंबून आहे. आणि तोंडात लावायची बधिर करणारी जेल या वयात नको. ती गिळली जाते आणि लहान बाळांना घातक ठरू शकते.

दुसरी गोष्ट, पाणी. व्रण भरलेल्या तोंडाने बाटली ओढणं फार दुखतं, म्हणून बाटली बाजूला ठेवून वाटी-चमच्याने द्यायला सांगितलं. सगळं गार आणि अळणी. गार दूध, गार केलेली नाचणीची पेज, मऊ भात दुधात कुस्करून, चमचाभर आइस्क्रीम. फ्रीजमधलं दिल्याने ताप वाढेल ही आजींची भीती मी समजून घेतली, पण इथे गारव्यानेच घास गिळता येतो. संत्र्याचा रस, टोमॅटोचं सार, लिंबूसरबत नको. औषध दिल्यावर अर्ध्या तासाने भरवायला बसायचं, तेव्हा वेदना कमी असते. आणि लघवीवर नजर ठेवायची. सहा ते आठ तास डायपर कोरडं राहिलं, रडताना डोळ्यांतून पाणी येत नसलं, तोंड आतून चिकट वाटलं, तर दवाखान्यात आणायचं, कारण या आजारात भरती व्हावं लागलं तर ते बहुतेक वेळा पाणी कमी पडल्यामुळेच लागतं.

एक धोका दुर्मीळ आहे, तरी सांगायलाच हवा. याच कुळातला एंटेरोव्हायरस ७१ हा मेंदूकडे जाऊ शकतो. १९९८ मध्ये तैवानमध्ये त्याच्या साथीत ७८ मृत्यू नोंदले गेले. मूल झोपेत पुन्हा पुन्हा दचकून झटके दिल्यासारखं हलत असेल, चालताना लटपटत असेल, सारखं उलटतंय, सुस्त पडतंय, धाप लागतेय, किंवा ताप तीन दिवसांपलीकडे टिकला आहे, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच मोठ्या रुग्णालयात न्या.

आत्याबद्दल काय? तिला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या, त्यामुळे तो प्रश्न दोन्हीकडून मिटला. पण हॅण्ड फूट माउथचा विषाणूही नवजात बाळाला त्रास देऊ शकतो, म्हणून बाळंतपण होईपर्यंत भाचीचं डायपर आत्याने बदलायचं नाही, उष्टं खायचं नाही, एवढं ठरलं. हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली, नखांच्या कडांसह धुवायचे. बाटलीतल्या सॅनिटायझरवर इथे विसंबू नका. या विषाणूंना बाहेरून तेलकट आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोलने ते सहजी मरत नाहीत, तर साबणाने आणि वाहत्या पाण्याने निघून जातात. हा विषाणू शौचातून पुढचे काही आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून फोड गेल्यावरही हात धुणं सुटता कामा नये. पाळणाघरात मात्र मुलीला तेवढे आठवडे ठेवता कामा नये असं नाही. ताप गेला, लाळ थांबली, फोड सुकले की ती जाऊ शकते. कांजिण्या असत्या तर नियम वेगळा झाला असता, शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत घरीच.

आजींचा कडुलिंबाचा पाला मी परत नेऊ दिला नाही असं नाही. कोमट पाण्याची आंघोळ दोन्ही आजारांत चालते, आणि ती बंद ठेवली तर घाणीने फोड चिघळतात. पाला पाण्यात घालायचा असेल तर घालावा. घासायचा मात्र नाही.

सोमवारपर्यंत ती जेवायला लागली. दहाव्या दिवशी तळपायाची साल पापुद्र्यासारखी निघाली. आणि पाच आठवड्यांनी तिची आई घाबरून परत आली. अंगठ्याचं नख मुळापासून सुटून वर उचललं होतं, त्याखाली नवं नख दिसत होतं. कुणीतरी कॅल्शियम कमी झालंय म्हणून टॉनिक सुचवलं होतं. हेही याच आजाराचं. तापाच्या दिवसांत नखाची वाढ थांबते आणि ती खूण पुढे सरकत येते. २००८ मध्ये फिनलंडमध्ये ए-६ च्या साथीनंतर अशी नखं गळालेली मुलं मोठ्या संख्येने दिसली होती. टॉनिक लागत नाही. नख आपोआप येतं, दुखत नाही. आत्याचा मुलगा तोवर महिन्याचा झाला होता आणि ठणठणीत होता.

त्या दिवशी आजींनी दवाखान्यात येण्याआधी फोन केला, ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. निदान चुकीचं होतं, पण ते जर खरं असतं तर? कांजिण्या हवेतून पसरतात, आणि दवाखान्याच्या बाकावर आठ दिवसांची बाळं, पोटुशी बायका, केमोथेरपी चालू असलेली मुलं बसलेली असतात. अंगावर फोड दिसले तर आधी फोन करा. डोकं, पोट आणि तळहात यांचे फोटो काढून ठेवा, पुरळ कधी आणि कुठे पहिलं दिसलं ते लिहून ठेवा, आणि मग डॉक्टर सांगतील त्या दाराने या.